कला वेगळ्या, ग्रहण वेगळं: टॉर्च आणि चेंडू घेऊन मुलांना चंद्र समजावताना

"आज चंद्र अर्धाच का आहे?" असं मुलाने विचारलं की बरीच मोठी माणसं पटकन सांगून टाकतात, "त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते ना, म्हणून." हे उत्तर चुकीचं आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण होतं, आणि एखाद्या वर्षी ते एकदाही खग्रास होत नाही. रोज दिसणाऱ्या कलांशी त्या सावलीचा काही संबंध नाही. एकदा ही सावली डोक्यात बसली की ती मोठेपणीही जात नाही. म्हणून टॉर्च आणि चेंडूचा प्रयोग करताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: कला आणि ग्रहण या दोन वेगळ्या घटना आहेत, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही प्रयोग एकाच संध्याकाळी करू नका. आधी कला करा. त्या पक्क्या झाल्या की चार-आठ दिवसांनी ग्रहणाकडे वळा.

सामान

चेंडू पांढरा आणि खरखरीत हवा. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी मिळणारा थर्माकोलचा गोळा सगळ्यात चांगला. साधारण सहा सेंटिमीटर व्यासाचा घ्या आणि त्यात पेन्सिल किंवा बांबूची काडी खोचा, म्हणजे हाताची सावली त्यावर पडणार नाही. टेबल टेनिसचा चेंडू घरात असतो म्हणून तोच घ्यावासा वाटतो, पण त्याच्यातून उजेड आरपार झिरपतो. मग अंधाराची बाजूही उजळते आणि कलेची कड पुसट होते. चकचकीत प्लास्टिकच्या चेंडूवर टॉर्चचा एक झगझगीत ठिपका उमटतो आणि मूल कला सोडून त्या ठिपक्याकडेच बघत बसतं. रबरी चेंडूला पांढरा पोस्टर कलर दिला तर तो चालतो.

मोबाइलचा फ्लॅश टॉर्च म्हणून उत्तम, कारण त्याचा उजेड चहूकडे पसरतो. झूमवाल्या टॉर्चचा झोत अरुंद असतो. मूल जरा सरकलं की चेंडू झोताबाहेर जातो. तुमच्याकडे तसा टॉर्च असेल तर झोत पूर्ण पसरट करून घ्या.

खोलीत शक्य तितका अंधार करा. पडदे ओढा, टीव्ही आणि राउटरचे दिवेही झाका. पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात आणि चेंडूची काळी बाजू करडी दिसते, म्हणून भिंतीला चिकटून उभं राहू नका. खोलीच्या मधोमध मूल आणि तिथून अडीच मीटरवर, म्हणजे साधारण आठ फुटांवर, कपाटात किंवा फळीवर टॉर्च, अशी मांडणी ठेवा. पहिल्या दिवशी टॉर्च मुलाच्या डोक्यापेक्षा फूटभर उंच असावा. हा फूटभर फार महत्त्वाचा आहे. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत ठेवला तर पौर्णिमेच्या जागी मुलाच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडते, चंद्र नेमका पौर्णिमेला काळा होतो आणि आपण जी समजूत घालवायला निघालो तीच घट्ट बसते. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

आधी नुसता चेंडू

लगेच गोल फिरायला लावू नका. चेंडू टॉर्चच्या उजेडात धरा आणि मुलाला त्याच्या भोवती एक चक्कर मारायला सांगा. टॉर्चकडची अर्धी बाजू कायम उजळलेली असते, दुसरी अर्धी काळोखात. चेंडू जागचा हलत नाही, उजळलेला भाग कमी-जास्त होत नाही, तरी एका बाजूने पूर्ण गोल दिसतो, दुसऱ्या बाजूने अर्धा आणि मागे गेलं की नुसती कोर.

इथे मुलाला विचारा, "चेंडूचा किती भाग उजळलाय?" उत्तर "अर्धा" असं आलं पाहिजे. मग विचारा, "आणि त्यातला तुला किती दिसतोय?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ज्याला कळलं त्याला कला जवळजवळ कळल्याच. उरते ती फक्त फेरी. सहा-सात वर्षांच्या मुलासोबत पहिल्या दिवशी इथेच थांबलात तरी चालेल.

फेरी

आता मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. मुलाने काडीला धरून चेंडू हात लांब करून समोर धरायचा, कपाळापेक्षा किंचित वर, आणि चेहरा टॉर्चकडे करायचा. टॉर्च चेंडूच्या मागे-वर आहे, त्यामुळे मुलाकडची बाजू काळी. ही अमावास्या.

आता मुलाला आपल्या डाव्या हाताकडे हळूहळू वळायला सांगा. हात तसाच लांब, नजर चेंडूवर आणि पूर्ण शरीर वळवायचं. डावीकडेच का? कारण उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर चंद्र पृथ्वीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. मूल उजवीकडे वळलं तरी कला दिसतील, पण क्रम उलटा होईल आणि वाढत्या चंद्राची उजेडाची बाजू आकाशातल्या चंद्राशी जुळणार नाही.

थोडं वळलं की चेंडूच्या उजव्या कडेला बारीक कोर उमटते. ही शुद्ध द्वितीया-तृतीयेची, भाऊबीजेच्या संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी. पाव फेरी झाली की उजवा अर्धा भाग उजळलेला: शुद्ध अष्टमी. इथे मुलाला थांबवा आणि विचारा, "तुझ्या डोक्याची सावली कुठे पडलीय?" ते चेंडूकडे बघेल, मग इकडेतिकडे शोधेल. सावली त्याच्या डावीकडे, टॉर्चच्या समोरच्या भिंतीवर असते. चेंडू तर नाकासमोर. म्हणजे अर्धा चंद्र दिसतो तेव्हा पृथ्वीची सावली त्याच्या आसपाससुद्धा नसते. या एका क्षणासाठी हा सगळा खटाटोप आहे. इथे घाई करू नका, भिंतीवरच्या सावलीला मुलाने हात हलवून दाखवला तरी हलवू द्या.

पुढे वळत गेलं की उजेड वाढत जातो. टॉर्चकडे पाठ झाली की पूर्ण गोल उजळतो: पौर्णिमा. टॉर्च उंच आहे, त्यामुळे डोक्याची सावली चेंडूच्या खालून जाते. ती तरीही चेंडूला शिवत असेल तर हात थोडा वर घ्या. तिथून पुढे उजवी कड काळवंडू लागते. पाऊण फेरीला डावा अर्धा भाग उरतो, ती वद्य अष्टमी. मग डावीकडची बारीक कोर, आणि पुन्हा टॉर्चसमोर अमावास्या. महाराष्ट्रात आपला महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे फेरी टॉर्चसमोरून सुरू करून टॉर्चसमोर संपवली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला एक महिना आपोआप पुरा होतो. खऱ्या चंद्राला याला साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणजे मुलाने रोज साधारण बारा अंश वळायचं, सात-साडेसात दिवसांत पाव फेरी.

मोठ्यांकडून होणारी एक चूक इथे सांगायला हवी. मूल मध्ये बसलेलं आणि बाबा चेंडू घेऊन त्याच्याभोवती फिरतायत, असं केलं तर बाबांना मुलाच्या जागेवरून काय दिसतंय ते कळतच नाही. "बघ, आता अर्धा झाला!" असं ते म्हणतात तेव्हा मुलाला पाऊण दिसत असतो. कला या बघणाऱ्याच्या जागेवर ठरतात. म्हणून चेंडू मुलाच्याच हातात द्या आणि तुम्ही गुडघे टेकून त्याच्या खांद्यामागून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. सोफ्यावर बसलेल्या भावंडाला मात्र आपली जागा सोडू देऊ नका. त्याला पूर्ण फेरीभर अर्धाच उजळलेला चेंडू दिसत राहतो, आणि दोघांचं यावरून भांडण झालं तर ते होऊ द्या. दोघंही खरं बोलत असतात.

चेंडूवर मुलाच्या बाजूला पेनाने एक ठिपका काढला तर पूर्ण फेरीत तो ठिपका मुलाकडेच राहतो. खरा चंद्रही आपल्याकडे कायम एकच बाजू ठेवतो.

चंद्र कधी उगवतो, हेही याच खोलीत

कला समजली की पुढचा प्रश्न येतो तो वेळेचा. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या घरात तो हमखास येतो: "पौर्णिमेला तर संध्याकाळीच होता, आज एवढा उशीर का?"

आता मुलाने चेंडू तुमच्याकडे द्यायचा आणि दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला उभे धरायचे. डावा तळवा म्हणजे पूर्वेचं क्षितिज, उजवा म्हणजे पश्चिमेचं. तळव्यांच्या मधून दिसतं ते आकाश. तोंड टॉर्चकडे असेल तर दुपारचे बारा. पृथ्वीही डावीकडेच फिरते, तेव्हा मुलाने डावीकडे वळायचं. पाव फेरी झाली की टॉर्च उजव्या तळव्यामागे जातो: सूर्यास्त. मूल तिथेच थांबू दे.

आता तुम्ही चेंडू टॉर्चच्या बरोबर विरुद्ध बाजूला, मुलाच्या डावीकडे धरा. तो डाव्या तळव्याच्या कडेला नुकता दिसतो. सूर्य मावळताना पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो तो असा. मग चेंडू घेऊन आणखी अष्टमांश फेरी पुढे जा, म्हणजे मुलाच्या डावीकडे-मागे. पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस गेले, वद्य चतुर्थी आली. मुलाला चेंडू दिसत नाही. तो दिसेपर्यंत त्याला आणखी अष्टमांश वळावं लागतं. पूर्ण वळण चोवीस तासांचं, म्हणजे अष्टमांश तीन तासांचं. सूर्यास्त साडेसहाला धरला तर चंद्रोदय साडेनऊच्या सुमारास. संकष्टीचा चंद्रोदय दर महिन्याला थोडा मागेपुढे होतो, पण बहुधा याच सुमारास असतो. दिनदर्शिकेत त्या रात्रीची वेळ छापलेली असते, ती काढून मुलाला दाखवा. आपण खोलीत काढलेलं उत्तर छापलेल्या वेळेच्या जवळपास येतं, याचा मुलांना फार आनंद होतो.

याच मांडणीतून वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो हेही काढता येतं. गोकुळाष्टमीला बारा वाजता जन्म झाल्यावर गच्चीत जाऊन पूर्वेला बघा.

चेंडू उन्हात नेऊन बघा

हा भाग बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते तो खोलीतल्या प्रयोगापेक्षाही चांगला आहे. वद्य सप्तमी ते दशमीच्या दरम्यान सकाळी सात-आठला, शाळेला निघताना, आकाशात फिकट चंद्र असतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला तो दुपारी चार-पाचच्या सुमारास पूर्वेकडच्या आकाशात दिसतो. ऊन पडलेलं असेल तेव्हा चेंडू हात लांब करून असा धरा की तो चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल. चेंडूवर ऊन पडतं आणि त्याच्यावर चंद्राचीच कला उमटते. जेवढा चंद्र, तेवढाच चेंडू, आणि कडही त्याच तिरकेपणाने. दोघांनाही उजेड देणारा दिवा एकच आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. या वेळी सूर्य बराच बाजूला असतो, तरी मुलाला आधीच बजावून ठेवा की सूर्याकडे बघायचं नाही.

चंद्राची कोर पुस्तकातल्या चित्रासारखी उभी नाही, अशी तक्रारही इथे येईल. ती बरोबर आहे. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे आपल्याकडे कोर बरीच कललेली दिसते. गुढीपाडव्यानंतरच्या एक-दोन संध्याकाळी तर ती होडीसारखी जवळजवळ आडवी असते. म्हणून मुलाला "वाढता चंद्र उजवीकडून उजळतो" हा नियम पाठ करायला लावू नका. "चंद्राची उजळ बाजू सूर्याकडे असते, सूर्य मावळला असला तरी," एवढंच सांगा. हे कोणत्याही गावात, कोणत्याही ऋतूत खरं ठरतं.

दुसरा दिवस: ग्रहण

आता टॉर्च खाली घ्या, मुलाच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत. त्याच्यावर पांढऱ्या कागदाचा एक थर लावा, कारण आज मूल टॉर्चकडे थेट बघणार आहे आणि मोबाइलचा फ्लॅश उघडा बघायला डोळ्यांना बरा नाही.

चंद्रग्रहण सोपं आहे. मुलाने टॉर्चकडे पाठ करायची, चेंडू डोळ्यांच्या उंचीवर आणायचा आणि एका बाजूकडून दुसरीकडे हळू सरकवायचा. चेंडू डोक्याच्या सावलीत शिरतो, काळा होतो, पलीकडून बाहेर येतो. सावलीची कड चेंडूवर कशी वाकडी पडते ते बघायला सांगा. कलेची कड दर वेळी चंद्राच्या एका टोकापासून थेट समोरच्या टोकापर्यंत जाते. ग्रहणाची सावली मात्र मोठ्या गोलाचा तुकडा असते आणि चंद्राच्या कडेला कुठेही चावा घेते. फोटो बघून "ही कला की ग्रहण?" हे मुलाला ओळखता आलं तर समजा काम झालं.

सूर्यग्रहणासाठी मात्र आपला चेंडू फार मोठा पडतो. आकाशात चंद्र आणि सूर्य जवळजवळ एकाच आकाराचे दिसतात, कारण सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे आणि सुमारे ४०० पटच लांब आहे. हे खोलीत जुळवायचं तर थोडं गणित लागतं. टॉर्चवर पाच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलेला पुठ्ठा लावा आणि त्या भोकावर पांढरा कागद चिकटवा, म्हणजे पाच सेंटिमीटरचा उजळ सूर्य तयार होतो. तो अडीच मीटरवर आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या पन्नास पट अंतरावर. मुलाचा हात साधारण पन्नास सेंटिमीटर लांब. तेव्हा चंद्र एक सेंटिमीटरचा हवा. भिजवलेला काबुली चणा टूथपिकला टोचा, तो नेमका याच मापाच्या आसपास असतो.

मुलाने एक डोळा मिटून चणा टॉर्चसमोर आणायचा. हात जरा जवळ घेतला की चणा सूर्य पूर्ण झाकतो: खग्रास. हात लांब केला, किंवा तुम्ही चणा धरून अजून थोडं मागे गेलात, की भोवती उजेडाचं कडं उरतं: कंकणाकृती. चंद्राची कक्षा पुरती गोल नाही. तो साधारण ३ लाख ६३ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि ४ लाख ५ हजारांपर्यंत लांब जातो, आणि तेवढ्या फरकाने खग्रासचं कंकणाकृती होतं. २६ डिसेंबर २०१९ ला उत्तर केरळ आणि तमिळनाडूच्या काही भागांतून लोकांनी असं कडं पाहिलं. त्याच वेळी महाराष्ट्रातून सूर्य नुसता मोठा घास घेतल्यासारखा, म्हणजे खंडग्रास दिसला.

असं का, हेही चणाच सांगतो. चण्याने टॉर्च पूर्ण झाकलेला असताना मुलाला तो डोळा मिटून दुसरा उघडायला सांगा. चणा हलला नाही, टॉर्च हलला नाही, तरी दुसऱ्या डोळ्याला टॉर्च दिसतो. एका डोळ्याच्या गावात ग्रहण, दुसऱ्याच्या गावात ऊन. दुसरं कुणी मुलाच्या चेहऱ्याकडे बघत असेल तर त्याला डोळ्यावर पडलेला सावलीचा छोटा डाग दिसतो. चंद्राची गडद सावली पृथ्वीवर अशाच लहानशा डागासारखी पडते आणि एका अरुंद पट्ट्यावरून सरकत जाते. चंद्रग्रहणात तसं होत नाही. सावली चंद्रावरच पडलेली असल्याने ज्यांच्या आकाशात तेव्हा चंद्र आहे त्या सगळ्यांना ते दिसतं. चंद्रग्रहण आपल्या गावातून बघायला मिळणं सोपं आणि खग्रास सूर्यग्रहण दुर्मिळ, ते यामुळे.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?

हुशार मूल हे विचारणारच, आणि आपण टॉर्च खाली घेऊन स्वतःच हा प्रश्न ओढवून घेतला आहे. उत्तर असं की चंद्राची कक्षा सूर्य-पृथ्वीच्या पातळीला सुमारे पाच अंश कललेली आहे. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. आकाशात चंद्र अर्धा अंशच रुंद दिसतो, म्हणजे पाच अंश म्हणजे दहा चंद्र एकावर एक.

हे दाखवायला कमरेभोवती फिरवायची मोठी प्लास्टिकची रिंग घ्या. मूल खोलीच्या मध्ये बसेल आणि रिंग त्याच्या डोक्याभोवती धरेल, दाराकडे थोडी वर, समोरच्या खिडकीकडे थोडी खाली. कल इथे मुद्दाम वाढवून घ्या, पाच अंश डोळ्याला कळणार नाहीत. रिंगचा कल मुलाने बदलायचा नाही. टॉर्च घेऊन फिरायचं तुम्ही, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

टॉर्च दाराकडे आहे. अमावास्येचा चंद्र दाराकडच्या बाजूला, पण तिथे रिंग वर आहे, तेव्हा तो सूर्याच्या वरून निघून गेला. पौर्णिमेचा चंद्र खिडकीकडे, तिथे रिंग खाली, म्हणून तो सावलीच्या खालून गेला. ग्रहण नाही. आता पाव फेरी चालून बाजूच्या भिंतीशी या. इथे रिंग बरोबर डोळ्यांच्या पातळीला आहे. टॉर्च, रिंगची ती जागा, डोकं आणि समोरची जागा सगळे एका रेषेत: अमावास्येला सूर्यग्रहण, पौर्णिमेला चंद्रग्रहण. असाच योग पुढे समोरच्या भिंतीशी पुन्हा येतो, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनी. रिंग पातळीला छेदते त्या या दोन जागा म्हणजे पात. जुन्या भारतीय ज्योतिर्गणितात त्यांनाच राहू आणि केतू म्हटलं आहे. आजी राहूची गोष्ट सांगत असेल तर ती खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. राहू रिंगवर कुठे बसतो ते मुलालाच आजीला दाखवू दे. ग्रहण सावल्यांमुळे होतं हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, तेही सांगा.

एक खरं उदाहरण रिंगवर लावून बघता येतं. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. रात्री दहाच्या सुमारास चंद्राची कड काळवंडू लागली, अकराच्या सुमारास तो पूर्ण सावलीत गेला आणि सुमारे ८२ मिनिटं तिथे राहिला. तेव्हा टॉर्च बाजूच्या भिंतीशी होता. त्यानंतरची पौर्णिमा कोजागिरीची, ६ ऑक्टोबरला. टॉर्च महिनाभराने पुढे सरकलेला, म्हणजे वर्तुळाचा बारावा भाग. तेवढ्याने चंद्र सावलीच्या मध्यरेषेपासून सुमारे अडीच अंश बाजूला पडला आणि दूध आटवणाऱ्यांना स्वच्छ चंद्र मिळाला. सहा पौर्णिमांनी, ३ मार्च २०२६ ला, टॉर्च समोरच्या भिंतीशी पोचतो आणि फाल्गुन पौर्णिमेला पुन्हा खग्रास चंद्रग्रहण. महाराष्ट्रात चंद्र उगवतो तेव्हा ते संपत आलेलं असतं, पण त्यात रिंगचा दोष नाही, घड्याळाचा आहे. मुलाला दिनदर्शिका देऊन मधल्या पौर्णिमा रिंगवर मोजायला लावा.

हा प्रयोग कुठे खोटा पडतो

मुलाला हे सांगून टाकावं. नाहीतर काही वर्षांनी तेच येऊन विचारेल.

पहिलं म्हणजे अंतर. मुलाचं डोकं पृथ्वी धरलं तर चंद्र साडेचार सेंटिमीटरच्या लहान चेंडूएवढा होतो, आणि तो हाताच्या अंतरावर नसून जवळजवळ पाच मीटरवर असतो, कारण पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये सुमारे तीस पृथ्व्या ओळीने मावतात. पाच मीटरची सुतळी घेऊन एकाने चेंडू पॅसेजच्या त्या टोकाला धरा. त्या अंतरावर पाच अंशांचा कल म्हणजे चाळीसेक सेंटिमीटर वर-खाली. दर पौर्णिमेला चंद्र सावलीला सहज चुकवतो हे सुतळी बघितल्यावर लगेच पटतं, हाताच्या अंतरावर नाही.

दुसरं, सावली. टॉर्च लहान आणि जवळ असल्याने डोक्याची सावली लांब जाईल तशी मोठी होत जाते. खरा सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे पृथ्वीची गडद सावली उलट निमुळती होत जाते. चंद्रापर्यंत पोचेतो ती अडीच-पावणेतीन चंद्रांएवढी रुंद उरते.

आणि तिसरं, रंग. आपल्या खोलीत चेंडू काळाभोर होतो, पण खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबूस दिसतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून गेलेला थोडा उजेड सावलीत शिरतो आणि वाटेत त्यातला निळा भाग विखरून जातो. मुलाच्या डोक्याभोवती हवेचा असा थर नाही, तेव्हा हे टॉर्चने दाखवता येत नाही.

खरं सूर्यग्रहण आलं तर काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल किंवा मोबाइलचा कॅमेरा यांतून मुलाला सूर्य बघू देऊ नका. आयएसओ १२३१२-२ असं लिहिलेला, ओरखडे नसलेला ग्रहणचष्माच वापरा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाचा एकेक कापलेला सूर्य पडतो, आणि तो बघायला चष्मा लागत नाही.